डावांमधल्या सुट्टीत मुलांशी काय बोलावे: ७ बाद १९८ नंतरची तीन मिनिटे

प्रश्न: मी मुंबईतील एका मराठी शाळेच्या चौदा वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक आहे. आझाद मैदानावरील ४० षटकांच्या सामन्यात समोरच्या संघाने ७ बाद १९८ धावा केल्या, त्यात आमचे २२ वाइड होते. सुट्टीत मी म्हणालो, "करा किंवा मरा! वाघासारखे तुटून पडा! एकेक धाव जिवावर उदार होऊन काढा! दबाव घेऊ नका! याच मैदानावर सचिन-विनोदने ६६४ केल्या, तुम्हाला १९९ जमत नाहीत? शाळेची इज्जत तुमच्या हातात आहे!" पाचव्या षटकात आमचे ३ बाद १९ झाले आणि डाव ९१ धावांत आटोपला. घोषणा काढून हेच बोलणे साध्या भाषेत कसे मांडावे? स्कोअरबुकाची पाने सोबत जोडली आहेत.

उत्तर: एकेका घोषणेच्या जागी एकेक साधे वाक्य बसवत गेलो, तर हाती काही लागणार नाही. त्या सहा वाक्यांत मुलांनी पुढच्या अर्ध्या तासात नेमके काय करायचे हे कुठेच आलेले नाही, आणि जिथे थोडेफार आले आहे तिथे ते चुकीचे आले आहे. म्हणून आधी सांगण्यासारखे काय होते ते पाहू आणि मग ते मुलांच्या भाषेत मांडू.

कबड्डीत मध्यंतरानंतर सगळा संघ पुन्हा त्याच कामाला लागतो, त्यामुळे ओरडून अंगात आणलेला जोर तिथे काही मिनिटे तरी कामी येतो. क्रिकेटमध्ये डावांमधल्या सुट्टीनंतर तुमची दोनच मुले मैदानात जातात आणि उरलेली नऊ मांडवात बसून राहतात. त्या नऊ जणांच्या अंगात आलेल्या जोराला वाटच नसते; तो पुढे सीमारेषेबाहेरून "मार, मार" असे ओरडण्यात खर्च होतो आणि आत खेळणाऱ्या दोघांच्या कानावर आदळत राहतो. ज्या दोघांनी नव्या चेंडूवर पहिली काही षटके शांतपणे खेळून काढायची, त्यांनाच आपण तुटून पडायला सांगून पाठवतो. तेव्हा या सुट्टीतले बोलणे मुख्यतः दोन सलामीवीरांसाठी आणि त्यांच्यानंतर जाणाऱ्या एक-दोघांसाठी असते, ही गोष्ट सर्वांत आधी धरून चालावे.

आता स्कोअरबुकाकडे वळू. तुमचा पहिला गडी पहिल्याच षटकाच्या दुसऱ्या चेंडूवर मिड-ऑनला झेल देऊन बाद झाला. दुसरा तिसऱ्या षटकात गोलंदाजाच्या टोकाला धावबाद झाला. तिसरा पाचव्या षटकात त्रिफळाचीत झाला आणि त्याच्या नावापुढे पेन्सिलीने "चेंडू खाली राहिला, आडवा मारायला गेला" अशी नोंद आहे. पहिल्या मुलाने तुटून पडण्याची आज्ञा पाळली. दुसऱ्याने एकेक धाव जिवावर उदार होऊन काढली. मुले तुमचे ऐकत नाहीत असे अजिबात नाही. या वयाची मुले सरांचे बोलणे अक्षरशः घेतात, आणि घोषणेचा खरा धोका तोच आहे. मोठ्या माणसाला "तुटून पडा" म्हटले की तो ते उत्साहाचे बोलणे समजून सोडून देतो. बारा वर्षांचा मुलगा मात्र त्यातून फटका मारण्याची सूचना उचलतो.

तिसऱ्या गड्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यातून अधिक शिकण्यासारखे आहे. चेंडू खाली राहणे हे त्या खेळपट्टीचे लक्षण होते, आणि ते तुमच्या संघातल्या एका मुलाला आधीपासून ठाऊक असणार. तो म्हणजे तुमचा यष्टिरक्षक. चाळीस षटके, म्हणजे २४० चेंडू आणि वर वाइडचे आणखी २२, त्याने यष्ट्यांमागे बसून पाहिले होते. कोणत्या टोकाला चेंडू गुडघ्याखाली येतो, कोणत्या टोकाला तो नीट उसळून हातात बसतो, कुठे पडला की वळतो, हे त्याच्या इतके कोणालाच माहीत नसते. बाहेर बसलेल्या प्रशिक्षकाला तर नाहीच नाही. सुट्टीत तुम्ही काही सांगण्याआधी त्याला सगळ्यांसमोर विचारायला हवे होते. त्याच्या तोंडून आलेले वाक्य मुले लक्षात ठेवतात, कारण ते त्याने स्वतः पाहिलेले असते. मैदानातल्या खेळपट्ट्यांवर दिवसभर ऊन पडते आणि त्या एकामागून एक सामन्यांना वापरल्या जातात, त्यामुळे दुसऱ्या डावात चेंडू खाली राहण्याची शक्यता बरीच असते. पण नेमके टोक कोणते हे विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरी सांगण्यासारखी गोष्ट हिशेबाची आहे, आणि माझ्या मते सगळ्या बोलण्याचा गाभा तोच असायला हवा. ४० षटकांत १९९ म्हणजे षटकामागे जवळजवळ पाच धावा. हा आकडा ऐकला की मुलांना वाटते की प्रत्येक चेंडूवर काहीतरी केलेच पाहिजे, आणि दोन चेंडू निर्धाव गेले की तिसऱ्यावर बॅट फिरते. प्रत्यक्षात पहिल्या दहा षटकांत ४० धावा झाल्या तरी तुम्ही सामन्यात पूर्णपणे असता, कारण मग उरलेल्या ३० षटकांत १५९ धावा, म्हणजे षटकामागे ५.३ एवढ्याच लागतात. त्या ४० धावा कशा जमतात ते पाहा. दोन षटकांत मिळून एक चौकार धरला तर दहा षटकांत पाच चौकारांच्या २० धावा होतात. या वयोगटात आखूड किंवा पायांवर आलेला एखादा चेंडू दोन षटकांत मिळतोच. एकेरी धावा सगळ्या मिळून १४ धरू. समोरचे गोलंदाजही तुमच्या मुलांच्याच वयाचे आहेत, म्हणून दहा षटकांत वाइडच्या सहा धावा धरायला हरकत नाही. झाल्या ४०. आता चेंडू मोजा. वाइड षटकात धरला जात नाही, म्हणजे ६० चेंडूंपैकी १९ चेंडूंवर धावा निघाल्या आणि ४१ चेंडू निर्धाव गेले. तीनातले दोन चेंडू नुसते अडवले किंवा सोडले तरी तुम्ही ठरलेल्या वाटेवर असता. हे एकदा कळले की दोन निर्धाव चेंडूंनंतर घाबरायचे कारण उरत नाही. "दबाव घेऊ नका" या वाक्याने जे साधत नाही ते या एका आकड्याने साधते, कारण मुलाला तो स्वतः मोजून पाहता येतो.

आता ते बोलणे. मी ते तुमच्या सामन्यापुरते लिहिले आहे. मुलांची नावे तुम्ही घालालच. सावकाश बोलले तरी ते तीन मिनिटांत संपते.

"बसा सगळे, पाणी पीत पीत ऐका. समोरच्यांनी एकशे अठ्ठ्याण्णव केले आहेत, आपल्याला एकशे नव्व्याण्णव करायचे आहेत. आपण बावीस वाइड टाकले. त्याचं काय करायचं ते सोमवारी नेटमध्ये बघू, आता तो विषय बंद.

आधी कीपरने सांगायचं. चेंडू कुठल्या टोकाला खाली राहतोय? पालिकेच्या बाजूला? बरं. म्हणजे त्या टोकाला जो बॅटिंग करेल त्याने सरळ बॅटने खेळायचं. पुल नाही, आडवी बॅट नाही, आखूड चेंडू आला तरी नाही. दुसऱ्या टोकाला उसळी बरोबर आहे, तिथे आखूड मिळाला तर मारा.

आता ओपनर दोघे, तुम्ही नीट ऐका. पहिल्या दहा ओव्हरमध्ये मला चाळीस रन हवे आहेत आणि दोनपेक्षा जास्त विकेट जायला नकोत. चाळीस रनसाठी प्रत्येक बॉलवर रन लागत नाही. साठ बॉलमधले चाळीस बॉल डॉट गेले तरी चाळीस रन होतात, मी मोजून पाहिलं आहे. तेव्हा तीन बॉल डॉट गेले म्हणून चौथा उचलायचा नाही. पहिल्या दोन ओव्हरमध्ये बॉल किती हलतोय एवढंच बघा. लेगच्या बाहेर जाणारा बॉल सोडून द्या, तो वाइड आहे, एक रन फुकट मिळतो आणि बॉल परत टाकावा लागतो.

रन काढताना ज्याच्यासमोर बॉल गेला त्याने कॉल करायचा, मागे गेला तर नॉन-स्ट्रायकरने. येस, नो किंवा वेट, तीनच शब्द, आणि मोठ्याने. 'नो' म्हटल्यावर कोणी पुढे यायचं नाही. 

तीन नंबरने पॅड बांधून माझ्याशेजारी बसायचं, आणि चार नंबरनेही पॅड बांधून ठेवायचे. बाकीच्यांनी बाहेरून मारायला सांगायचं नाही. टाळ्या वाजवा, चालेल. दहा ओव्हर झाल्या की पुढचं सांगतो. आता ओपनरनी मला सांगा, पहिल्या दहा ओव्हरमध्ये किती रन आणि किती विकेट?"

या बोलण्यात १९९ हा आकडा एकदाच आला आहे आणि मुलांच्या हाती दिलेला आकडा ४० आहे. पुढचे टप्पे तुम्ही कागदावर लिहून स्वतःजवळ ठेवा: वीस षटकांअखेर ८५, तीस षटकांअखेर १३५, आणि शेवटच्या दहा षटकांत ६४. शेवटचा टप्पा या वयाला जड आहे, षटकामागे सहाहून अधिक धावा होतात, आणि म्हणूनच आधीच्या टप्प्यांत धावांपेक्षा गडी राखण्याला अधिक किंमत आहे. पण हा सगळा आराखडा सुट्टीत सांगितला तर मुलांच्या लक्षात त्यातला शेवटचा, सर्वांत कठीण आकडाच राहतो. पुढचा टप्पा पाणी घेऊन जाणाऱ्या राखीव खेळाडूबरोबर पाठवावा. त्यालाही एकच वाक्य द्यावे आणि तो निघण्यापूर्वी ते त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. माझा अनुभव असा की दोन वाक्ये दिली तर मैदानाच्या मध्यावर पोहोचेपर्यंत त्यांतले एक गळून पडते.

वाइडचा विषय मी एका वाक्यात मिटवला, त्याचेही कारण आहे. २२ वाइड म्हणजे २२ धावा आणि वर जवळजवळ पावणेचार षटकांचे जादा चेंडू, हे नुकसान मोठेच आहे आणि प्रशिक्षक म्हणून तुमचा जीव तिथे अडकणे स्वाभाविक आहे. पण आता गोलंदाजी संपली आहे आणि त्याविषयी बोललेले कोणतेही वाक्य पुढच्या चाळीस षटकांत वापरता येणार नाही. उलट ज्या मुलाने सर्वाधिक वाइड टाकले तोच चार किंवा पाच क्रमांकावर फलंदाजीला येणार असेल तर तो खाली मान घालून पॅड बांधतो. वाइडचा जो एक भाग पुढच्या डावात उपयोगी होता, म्हणजे समोरचे गोलंदाजही ते टाकतील आणि आपण ते सोडायचे, तेवढाच बोलण्यात ठेवला आहे.

६६४ चे उदाहरण मात्र पुन्हा देऊ नका. १९८८ साली आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ती अखंड भागीदारी केली हे खरे आहे, आणि मुंबईत बॅट धरणाऱ्या प्रत्येक मुलाला ती पाठ असते. पण त्या डावाला ४० षटकांची मर्यादा नव्हती आणि ते दोघे कोणत्याही लक्ष्याचा पाठलाग करत नव्हते. तुमच्या मुलांपुढचा प्रश्न त्या डावात कोणालाच सोडवावा लागला नव्हता, त्यामुळे त्यातून त्यांना करण्यासारखे काही मिळत नाही. आपण त्या दोघांसारखे नाही एवढाच अर्थ मुले काढतात. शाळेच्या इज्जतीचेही तसेच. बाद होऊन परतणाऱ्या मुलाने शाळेची इज्जत घालवली असा त्या वाक्याचा उलटा अर्थ होतो, आणि पहिल्या षटकात बाद झालेला तुमचा सलामीवीर तोच अर्थ डोक्यात घेऊन दिवसभर बसला असणार.

कधी बोलायचे, हेही काय बोलायचे याइतकेच महत्त्वाचे आहे. शालेय सामन्यात ४० षटके टाकायला पावणेतीन ते तीन तास सहज लागतात आणि तेवढा वेळ मुले उन्हात असतात. मैदानातून बाहेर आल्याबरोबर घोळका करून बोलायला सुरुवात केली तर त्यांना काहीही ऐकू येत नाही, असे समजा. पहिली पाच-सात मिनिटे पाणी, तोंडावर पाणी मारणे आणि एखादे केळे यांना द्यावीत. मैदानाबाहेर वडापावची गाडी असते आणि मुलांचे पाय तिकडे वळतात. ज्यांना लगेच फलंदाजी करायची आहे त्यांना तेवढे थांबवावे, बाकीच्यांना खाऊ द्यावे. बोलणे सलामीवीर पॅड बांधायला बसतात तेव्हा करावे, कारण तेव्हा त्यांचे हात कामात असतात आणि ते एका जागी असतात. मैदानात उतरण्याच्या क्षणी पुन्हा पाठीवर थाप मारून नवी सूचना देऊ नये. तुमच्या स्कोअरबुकात दिसते की तुमचा यष्टिरक्षकच सलामीलाही गेला होता. तीन तास उठबस केलेल्या मुलाचे पाय सलामीला ताजे नसतात. त्याला पाचव्या किंवा सहाव्या क्रमांकावर ठेवावे आणि सुट्टीत त्याच्याकडून फक्त खेळपट्टीची माहिती घ्यावी.

बोलणे पोहोचले की नाही हे ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. पहिली तिथल्या तिथे मिळते: शेवटच्या प्रश्नाला सलामीवीरांनी "चाळीस, दोन" असे उत्तर दिले तर ते पोहोचले, आणि "जिंकायचं सर" असे दिले तर नाही. दुसरे उत्तर आले तर रागावू नये, तो आकडा शांतपणे पुन्हा सांगावा. दुसरी खूण पहिल्या तीन षटकांत दिसते. लेगबाहेरचा चेंडू सोडला जातो का आणि कॉल तुमच्या जागेपर्यंत ऐकू येतो का, एवढेच पाहावे. धावा किती झाल्या हे तीन षटकांत पाहण्यात अर्थ नाही. मुले योजनेप्रमाणे उत्तम खेळत असतानाही तीन षटकांत सहाच धावा झालेल्या असू शकतात.

एवढे करूनही ३ बाद १९ होऊ शकते, कारण समोरच्या मुलाने चांगला चेंडू टाकला तर त्याला सुट्टीतल्या बोलण्याचा काही उपाय नाही. तेव्हा चाळीसचा आकडा सोडून द्यावा लागतो. पुढच्या जोडीला "पंधराव्या ओव्हरपर्यंत दोघेच खेळा" एवढाच निरोप द्यावा आणि धावांचा उल्लेख करू नये. पंधरा षटकांअखेर ३ बाद ५० असतील तर २५ षटकांत १४९ लागतात, षटकामागे सहाच्या आत. ते कठीण आहे, पण समोरच्या संघाला आपल्या पाचव्या गोलंदाजाची षटकेही टाकावीच लागतात, आणि या वयात धावा तिथेच निघतात.

समोर १९९ ऐवजी २९० असते तर मी हे बोलणे असे लिहिले नसते. चौदा वर्षांखालील बहुतेक संघांना ४० षटकांत २९० होत नाहीत, आणि ते होतील असे सांगणारा प्रशिक्षक पुढच्या सामन्यात खरे बोलला तरी मुले त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. तिथे "आज जिंकणं अवघड आहे, आपण पूर्ण चाळीस ओव्हर खेळायच्या आणि सातव्या नंबरपर्यंत प्रत्येकाने किमान वीस बॉल खेळायचे" असे स्पष्ट सांगावे, आणि स्कोअररकडून प्रत्येकाचे चेंडू मोजून घ्यावेत. तुमच्या स्कोअरबुकात फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंचा रकाना रिकामा आहे. पुढच्या सामन्यापासून तो भरायला लावा, कारण ९१ धावांच्या या डावात कोणता मुलगा किती चेंडू टिकला हे मला या पानांवरून सांगता येत नाही, आणि सोमवारी नेटमध्ये तुम्हाला सर्वांत आधी तेच लागेल.